‘रुग्णालय यादीत नाही’ म्हणून मेडिकल बिल परत आलं, तर?

मेडिकल बिल नामंजूर झाल्याचं पत्र बहुधा दोन ओळींचं असतं. ‘सदर रुग्णालय मान्यताप्राप्त रुग्णालयांच्या यादीत समाविष्ट नसल्याने आपला दावा अमान्य करण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, सोबत परत केलेली बिलांची फाइल. हे वाचून बरेच कर्मचारी फाइल कपाटात ठेवून देतात. काही जण चिडून चार पानी अर्ज लिहितात. त्यात आजारपणाची सगळी कहाणी असते, घरच्यांची धावपळ असते, कर्जही असतं, पण नियमाचं एकही वाक्य नसतं. असा अर्ज आस्थापना शाखेतला लिपिक सहानुभूतीने वाचतो आणि त्याच शेऱ्यासह वर पाठवतो. त्याचा तरी काय दोष? त्याला टिपणीत लिहिण्यासारखं त्या अर्जात काही सापडत नाही.

उत्तर द्यायचं तर त्या दोन ओळींना द्यायला हवं. त्यासाठी आधी आपल्याला लागू असलेला नियम नेमका काय म्हणतो ते वाचावं लागतं. इथे मी एकच प्रकार घेतो आहे: केंद्र सरकारचा नोकरीत असलेला कर्मचारी, केंद्र सरकारची आरोग्य योजना म्हणजे सीजीएचएस जिथे नाही अशा गावात राहणारा आणि म्हणून १९४४ च्या केंद्रीय सेवा (वैद्यकीय देखभाल) नियमांखाली येणारा. कार्यालयात या नियमांना सगळे ‘सीएसएमए रूल्स’ म्हणतात. रेल्वे कर्मचाऱ्यांना हे नियम लागू नाहीत, निवृत्तांनाही नाहीत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे नियम १९६१ चे आहेत. त्यात आकस्मिक आणि गंभीर आजारांच्या याद्या शासन निर्णयाने ठरवून दिल्या आहेत, त्यामुळे त्यांची वाट थोडी वेगळी. खासगी कंपनीत असाल तर नियमांच्या जागी कंपनीचं वैद्यकीय धोरण येतं. कलम बदलतं, पण ते वाचायची रीत तीच राहते.

यादीबाहेरच्या रुग्णालयासाठीच असलेली तरतूद

सर्वसाधारण नियम असा, की उपचार सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात घ्यायचे. पण याच नियमांखाली केंद्र सरकारने दिलेल्या निर्णयांत तातडीच्या प्रसंगासाठी एक सवलत आहे. तिचा आशय असा: अपघात, गंभीर आजार अशा तातडीच्या प्रसंगी रुग्णाजवळ हजर असलेली व्यक्ती आपल्या विवेकाने त्याला खासगी रुग्णालयात नेऊ शकते, मात्र त्या खासगी रुग्णालयापेक्षा जवळ सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालय उपलब्ध नसावं. ती खरोखर तातडी होती का, हे नियंत्रण अधिकाऱ्याने प्रकरणाच्या गुणवत्तेवर ठरवायचं. त्याला शंका असेल तर त्याने आरोग्य सेवा महासंचालकांचं मत मागवायचं.

आता ही तरतूद आणि ते दोन ओळींचं पत्र शेजारी ठेवून पाहा. सवलत मुळात यादीत नसलेल्या रुग्णालयासाठीच आहे. यादीतल्या रुग्णालयात गेलात तर सवलत लागतेच कशाला! म्हणजे ‘रुग्णालय यादीत नाही’ हे दावा फेटाळण्याचं कारण होऊ शकत नाही, तिथून तर विचार सुरू व्हायला हवा. अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे प्रश्न दोन होते. तातडी होती का? आणि जवळ सरकारी किंवा मान्यताप्राप्त सोय उपलब्ध होती का? नामंजुरीच्या पत्रात या दोहोंपैकी एकाचंही उत्तर नसेल, तर अधिकाऱ्याने तरतुदीप्रमाणे निर्णयच घेतलेला नाही. तुमच्या अर्जाचा मुख्य मुद्दा हाच, आणि तो दोन परिच्छेदांत मांडता येतो.

यात आणखी दोन शब्द कामाचे आहेत. एक म्हणजे ‘हजर असलेली व्यक्ती’. बेशुद्ध किंवा छातीत कळ आलेल्या माणसाने स्वतः यादी पाहावी अशी अपेक्षा नियमालाही नाही. निर्णय बायकोने, भावाने, शेजाऱ्याने घेतला तरी तो नियमात बसतो. दुसरा शब्द ‘उपलब्ध’. गावात सरकारी दवाखान्याची इमारत आहे एवढ्याने तो त्या आजारासाठी उपलब्ध होता असं होत नाही. पण हे तुमच्या म्हणण्यावरून कोणी मान्य करणार नाही, त्याला कागद लागतो.

एक प्रकरण पाहू

समजा, एका तालुक्याच्या गावी केंद्र सरकारच्या कार्यालयात काम करणारा वरिष्ठ लिपिक आहे. रात्री पावणेदोनला त्याच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम आला. मुलाने १०८ ला फोन केला. रुग्णवाहिकेने आधी गावातल्याच ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे ईसीजी काढला, हृदयविकाराचा झटका असल्याचं दिसलं, गोळ्या दिल्या आणि डॉक्टरांनी ‘हृदयरोग उपचारासाठी पुढे हलवावे’ अशी संदर्भ चिठ्ठी लिहिली. जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय ५२ किलोमीटरवर. कॅथलॅब असलेलं खासगी रुग्णालय १९ किलोमीटरवर. मुलाने खासगीत नेलं. पहाटे अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, पाचव्या दिवशी घरी सोडलं. बिल झालं २,१४,६०० रुपये. महिन्याभरात दावा दाखल केला आणि काही आठवड्यांनी वरचं पत्र आलं.

त्याच्याकडे काय होतं? डिस्चार्ज कार्ड, एकूण रकमेचं बिल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि कार्यालयाच्या नमुन्यातला अर्ज. दाखल झालेल्या रुग्णासाठी लागणारं आवश्यकता प्रमाणपत्र ‘ब’ही होतं, त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांची प्रतिस्वाक्षरी होती. खर्च खरा आहे हे या सगळ्यावरून सिद्ध होतं. पण तातडी कुठे दिसते? डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची फक्त तारीख होती. ते वाचणाऱ्याला हा माणूस पहाटे तीनच्या सुमारास स्ट्रेचरवरून आला, की सकाळी अकराला अपॉइंटमेंट घेऊन, हे कळायला मार्ग नाही. अँजिओप्लास्टी तर आधी ठरवूनही करतात. फाइल तपासणाऱ्याने ती ठरवून केलेली धरली, तर त्या कागदांवरून त्याला सर्वस्वी चूकही म्हणता येणार नाही.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी त्याने चार कागद जमवावेत असं मी सुचवेन. पहिला, ग्रामीण रुग्णालयाचा केस पेपर आणि संदर्भ चिठ्ठी. हा या प्रकरणातला सर्वांत वजनदार कागद आहे. सरकारी डॉक्टरनेच ‘इथे होणार नाही, पुढे न्या’ असं लिहून दिलं असेल, तर गावातलं सरकारी रुग्णालय उपलब्ध नव्हतं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. चिठ्ठी हरवली असेल तर त्या रात्रीच्या नोंदवहीवरून तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांकडून दाखला मिळतो. दुसरा, ईसीजीची पट्टी. तिच्यावर यंत्राने छापलेली तारीख आणि वेळ असते, आणि ती वेळ कोणी नंतर लिहिली असं म्हणायला जागा राहत नाही. एक काळजी मात्र घ्या. ही पट्टी उष्णतेने फिकट होणाऱ्या कागदावर असते, म्हणून लगेच तिची झेरॉक्स काढून ठेवा. तिसरा, खासगी रुग्णालयाच्या आंतररुग्ण केस पेपरची प्रत, ज्यात दाखल झाल्याची वेळ, त्या वेळचा रक्तदाब आणि डॉक्टरांचं पहिलं निदान असतं. चौथा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र. पण ‘रुग्णाला तातडीने दाखल केले’ एवढं लिहून उपयोग नाही. कोणती लक्षणं होती, ईसीजीत काय दिसलं आणि ५२ किलोमीटर पुढे नेण्यात धोका काय होता, हे त्यात यायला हवं.

बिलांचंही थोडं पाहू. एकूण रकमेचं एकच बिल असेल तर रुग्णालयाकडून तपशीलवार ब्रेकअप बिल घ्या, कारण कार्यालयाला प्रत्येक बाब वेगळी तपासावी लागते. स्टेंटसाठी नुसतं बिल पुरत नाही. त्याचं वेष्टन किंवा त्यावरचा अनुक्रमांकाचा स्टिकर मागतात, आणि तो बहुतेक वेळा रुग्णालयाच्या फाइलला चिकटवलेला असतो. औषधांच्या बिलांवर रुग्णाचं नाव आणि तारीख पाहून घ्या. दाखल होतानाच्या गडबडीत आणलेल्या औषधांचं बिल मुलाच्या नावाने फाडलेलं असतं आणि ते हमखास बाजूला पडतं. औषध दुकानदाराकडून नाव दुरुस्त करून सही-शिक्का घेतला की भागतं, स्वतःच्या पेनने मात्र काही करू नका. मूळ पावती हरवली असेल तर रुग्णालयाची दुसरी प्रत आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

अर्ज कसा लिहायचा

या अर्जाला कार्यालयात ‘रिप्रेझेंटेशन’ म्हणतात, मराठीत अभ्यावेदन. तो ज्या अधिकाऱ्याने नकार दिला त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला, बहुधा विभागप्रमुखाला, पण योग्य मार्गाने म्हणजे आपल्या कार्यालय प्रमुखामार्फत जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, मराठीतही. तरी फाइल दिल्लीपर्यंत जायची शक्यता असेल तर इंग्रजी किंवा हिंदीत दिलेलं बरं. हक्क मराठीचा आहेच, पण भाषांतराच्या वाटेवर फाइल महिनोन्‌महिने थांबू शकते.

अर्जाचा गाभा साधारण असा असावा:

‘आपल्या कार्यालयाच्या दि. … च्या पत्राने माझा २,१४,६०० रुपयांचा दावा केवळ रुग्णालय मान्यताप्राप्त यादीत नसल्याच्या कारणावरून अमान्य करण्यात आला आहे. केंद्रीय सेवा (वैद्यकीय देखभाल) नियमांखालील शासन निर्णयानुसार (प्रत जोडपत्र १) तातडीच्या प्रसंगी, जवळ सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालय उपलब्ध नसल्यास, खासगी रुग्णालयातील उपचार ग्राह्य धरता येतात. तातडी खरी होती किंवा कसे, हे नियंत्रण अधिकाऱ्याने गुणवत्तेवर ठरवायचे आहे. वरील पत्रात या मुद्द्यावर कोणताही निष्कर्ष नाही.

‘दि. … रोजी रात्री २.१० वाजता ग्रामीण रुग्णालयात काढलेल्या ईसीजीत हृदयविकाराचा झटका दिसून आला (जोडपत्र २) आणि तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तेथे सोय नसल्याने मला पुढे पाठवले (जोडपत्र ३). जिल्हा रुग्णालय तेथून ५२ कि.मी. अंतरावर असून ज्या रुग्णालयात मला नेण्यात आले ते १९ कि.मी. अंतरावर आहे. मला रात्री २.५५ वाजता दाखल करून घेण्यात आले (जोडपत्र ४).

‘सबब, दाव्याचा वरील तरतुदीनुसार फेरविचार करून अनुज्ञेय रक्कम मंजूर करावी. तातडीबाबत शंका असल्यास प्रकरण आरोग्य सेवा महासंचालकांच्या मतासाठी पाठवावे, आणि विनंती मान्य होत नसल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा.’

एवढं पुरतं. एका पानात मावतं. प्रत्येक विधानामागे जोडपत्राचा क्रमांक आहे, आणि टिपणी लिहिणाऱ्याला हीच वाक्यं उचलून फाइलवर घेता येतात. माझ्या मते अर्जाचं खरं काम हेच. तो अधिकाऱ्याला पटायला हवाच, पण त्याही आधी लिपिकाला वापरता यायला हवा. शेवटच्या वाक्यातली कारणांची मागणीही सहज घातलेली नाही. पुढे प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तर आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकावा लागतो, मागाहून नवी कारणं जोडता येत नाहीत. १९७८ च्या मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केलं आहे.

न्यायनिर्णयाचा उल्लेख करायचाच असेल तर एकच करा: शिव कांत झा विरुद्ध भारत सरकार, १३ एप्रिल २०१८. सीजीएचएसच्या एका निवृत्त लाभार्थ्याने यादीबाहेरच्या रुग्णालयात हृदयावरचे उपचार घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की रुग्णालयाचं नाव सरकारी आदेशात नाही एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही. उपचार खरोखर घेतले का, आणि ते डॉक्टरांच्या व रुग्णालयाच्या नोंदींवरून सिद्ध होतं का, हे पाहायचं. निकाल सीजीएचएसमधला आहे, हे अर्जात लपवू नका. ‘हेच तत्त्व येथेही लागू व्हावे’ एवढंच लिहा.

पैसे किती मिळतील

इथे अपेक्षा थोड्या खाली आणाव्या लागतात. तातडी मान्य झाली तरी प्रतिपूर्ती सर्वसाधारणपणे सीजीएचएसच्या दरांपुरतीच होते, प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी असेल तर तेवढीच. सरकारला अशी दरमर्यादा घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या पंजाब राज्य विरुद्ध राम लुभाया बग्गा प्रकरणात मान्य केलं आहे.

आपल्या लिपिकाचं बिल असं होतं: अँजिओप्लास्टीचे १,३०,०००, स्टेंटचे ३८,०००, आयसीयू आणि खोलीचे २४,०००, औषधांचे १४,८०० आणि तपासण्यांचे ७,८०० रुपये. सीजीएचएसमध्ये अँजिओप्लास्टीचा दर पॅकेजचा असतो. ठरावीक दिवसांचं खोलीभाडं, औषधं, नेहमीच्या तपासण्या त्यातच धरलेल्या असतात, स्टेंटचे पैसे मात्र वेगळे मिळतात. हिशेबापुरतं समजा, त्याच्या पात्रतेप्रमाणे पॅकेज १,२०,००० रुपयांचं आहे. मग अनुज्ञेय रक्कम १,२०,००० अधिक ३८,०००, म्हणजे १,५८,००० रुपये. उरलेले ५६,६०० रुपये खिशातून गेले ते गेलेच.

म्हणून खोलीभाडं आणि औषधं ‘कापली’ याविरुद्ध वेगळी तक्रार करण्यात अर्थ नाही, ती पॅकेजमध्ये आलेलीच असतात. लक्ष ठेवायचं ते उलट बाजूला. स्टेंट पॅकेजमध्येच धरला गेला नाही ना, आणि मूळ वेतनाप्रमाणे जो वॉर्ड तुम्हाला अनुज्ञेय आहे त्याच्याखालचा दर लावला नाही ना? अशी कपात झाली तर तिच्यासाठीही त्या बाबीचा दर आणि बिलातली ओळ समोरासमोर ठेवून स्वतंत्र अर्ज करता येतो. अर्जात ‘पूर्ण रक्कम’ न मागता ‘अनुज्ञेय रक्कम’ का मागितली, तेही यावरून लक्षात येईल. पूर्ण रकमेच्या मागणीला ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर तयार असतं आणि त्या एका शेऱ्याखाली तुमचा बरोबर मुद्दाही वाहून जातो.

हा दावा कुठे तुटतो तेही सांगतो. दुखणं चार दिवसांपासून होतं, मधे दोनदा ओपीडीत दाखवलं आणि मग भरती झाले, असं केस पेपरवर असेल तर तातडीचा मुद्दा लंगडा पडतो. वाटेत मान्यताप्राप्त, तीच सोय असलेलं रुग्णालय ओलांडून पुढे गेला असाल तरीही तसंच. अशा वेळी ‘तिथे खाट शिल्लक नव्हती’ हे तोंडी सांगून चालत नाही, त्या रुग्णालयाचा कागद लागतो.

उत्तरच आलं नाही तर

अर्ज देताना प्रतीवर आवक शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. दीड-दोन महिने काहीच हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून आपल्या दाव्याच्या फाइलवरच्या सगळ्या टिपण्यांच्या प्रती मागा. टिपणी हीसुद्धा माहितीच धरली जाते आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. याच कायद्याच्या कलम ४(१)(ड) नुसार ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं कळवणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. कित्येकदा या प्रतींतूनच कळतं, की एका शाखेने मंजुरीची शिफारस केली होती आणि लेखा शाखेने फक्त एक जोडपत्र मागितलं होतं. ते मागणारं पत्र तुमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

शेवटचा मार्ग केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचा. महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. १९८५ च्या कायद्याप्रमाणे आधी खात्यांतर्गत दाद मागितलेली असावी लागते. अंतिम नकार मिळाल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा. अभ्यावेदनाला उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि त्यानंतर एका वर्षाच्या आत जायचं. स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. वर्षभर ‘विचाराधीन आहे’ ऐकत बसलेल्यांचे दावे इथेच अडकतात, म्हणून पहिल्या अभ्यावेदनाच्या पोचेवर सहा महिने कधी पूर्ण होतात ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.